घसरण कुणी सोसायची?

गेल्या जूनमधली गोष्ट. संध्याकाळी सातच्या सुमारास कोथरूड डेपोकडून चांदणी चौकाच्या चढावर आम्ही अडकलो होतो. पाऊस नुकताच थांबला होता, काचा आतून धुरकटल्या होत्या आणि समोरच्या टेम्पोचे लाल दिवे पाण्यात विरघळल्यासारखे पसरले होते. गाडी भावोजींची, दोन वर्षांची, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक. मागे ताई आणि तिचा मुलगा. गाड्या हातभर पुढे सरकत, थांबत, पुन्हा सरकत. भावोजी ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी चढावर तोलून धरत होते. मागे घरंगळत नव्हती, पुढेही जात नव्हती. आधी तो वास आला. जळक्या रबरासारखा, थोडा तवा करपल्यासारखा, घशाला लागणारा. मग गाडी दोन-तीनदा थरथरली, आणि समोरच्या पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली: गाडी सुरक्षित जागी थांबवा. सुरक्षित जागा कुठून आणायची? आम्ही डाव्या कठड्याला लागून वीस मिनिटं उभे राहिलो. मग गाडी जणू काही झालंच नाही अशी निघाली. ताई एवढंच म्हणाली, "नवीन गाडी ना ही?" भावोजींनी उत्तर दिलं नाही. घरापर्यंत कुणीच बोललं नाही.

मला तो वास चांगला ओळखीचा होता.

मामाचं स्वारगेटजवळ गॅरेज होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे जाऊन बसायचे. ग्रीस, पेट्रोल आणि ओल्या पोत्याचा मिळून एक वास असायचा, आणि त्यात मधूनच हा जळका वास मिसळायचा. गाडी आत येताना मामा हातातलं काम न थांबवता म्हणायचा, "क्लच गेली." गिअरबॉक्स उतरवला की तो जुनी प्लेट काढून माझ्या हातात द्यायचा. भाकरीएवढी गोल, मध्ये स्प्रिंगा, दोन्ही बाजूंना तपकिरी अस्तर. नव्या प्लेटवर ते अस्तर जाडसर आणि खरखरीत असतं. झिजलेल्या प्लेटवर ते रिव्हेटांपर्यंत येऊन ठेपलेलं, काचेसारखं चकचकीत, कडेला निळसर. "हा निळा रंग बघ," मामा म्हणायचा, "एवढं तापल्याशिवाय लोखंड निळं होत नाही. हाफ क्लचवर, पेडल अर्धवट दाबून, उभा राहिलाय माणूस."

त्या रात्री मला झोप लागली नाही, त्याला आणखी एक कारण होतं. माझी स्वतःची गाडी बदलायची वेळ आली होती. कोथरूड ते हिंजवडी, रोजचा जाण्यायेण्याचा रस्ता, अकरा वर्षं मॅन्युअल चालवून डावा गुडघा दुखायला लागलेला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, जमलं तर क्लचची गाडी सोडा. मी महिनाभर शोरूम पालथे घालत होते. ऑटोमॅटिकच्याही तऱ्हा निघाल्या: तिथे कुणी ड्युअल क्लचची गिअर बदलण्याची चपळाई सांगे, कुणी सीव्हीटीचा मऊपणा, कुणी टॉर्क कन्व्हर्टरचा भरवसा. सगळे माझ्याशी गाडी पळताना काय होतं तेच बोलत होते. माझी गाडी दिवसातला निम्मा वेळ पळतच नाही.

दुसऱ्या दिवशी मी मामाकडे गेले. आता गॅरेज त्याचा मुलगा बघतो, मामा खुर्चीवर बसून असतो. मी सगळं सांगितल्यावर त्याने मला विचारलं, "अगं, पहिल्या गिअरला, पाय न देता, गाडी किती वेगाने चालते?" मला माहीत नव्हतं. त्याने बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडून दाखवलं. इंजिन नुसतं चालू असताना मिनिटाला साधारण 800 फेरे घेतं. छोट्या गाडीत पहिला गिअर आणि पुढचा डिफरन्शियल मिळून तो वेग साधारण पंधरापट कमी करतात. म्हणजे चाक मिनिटाला 53-54 फेरे फिरतं. चाकाचा घेर पावणेदोन-दोन मीटरच्या मधे धरला तर मिनिटाला शंभर मीटर, तासाला 6 किलोमीटर. माणसाच्या झपझप चालण्याएवढा. "आता ट्रॅफिक जर तीनने सरकत असेल," मामा म्हणाला, "तर इंजिन एका वेगाने फिरतंय आणि चाक निम्म्या वेगाने. मधे कुठेतरी घसरायलाच लागणार. ती घसरण कोण सोसतं, तेवढं विचार. बाकी सगळं कागदावरचं."

मला वाटतं, गिअरबॉक्सविषयी मी ऐकलेलं हे सगळ्यात उपयोगाचं वाक्य आहे.

मॅन्युअलमध्ये ती घसरण ती एकच कोरडी प्लेट सोसते, आणि सोबत आपला गुडघा. मी घरी येऊन चांदणी चौकाच्या चढाचा हिशेब केला. बाराशे किलोची गाडी, दर साडेबारा मीटरला एक मीटर चढ असं धरलं. अशा चढावर गाडी नुसती हाफ क्लचवर तोलून धरायची, तर इंजिनची सगळी ताकद प्लेटवर घासून उष्णतेत जाते, आणि ती भरते साधारण दीड किलोवॉट. म्हणजे बादलीत सोडायचा पाणी तापवायचा रॉड असतो ना, तो पूर्ण तापलेला रॉड. फक्त इथे बादली नाही आणि पाणीही नाही. प्लेटच्या दोन्ही बाजूंचं लोखंड चारेक किलो धरलं, तर अर्ध्या मिनिटात ते 25 अंशांनी तापतं. पाय थोडा जास्त पडला, इंजिन 1200 फेऱ्यांवर गेलं, की उष्णता दीडपट. बंद घंटेसारख्या कवचात ती अडकून राहते, वारा लागत नाही. पाच मिनिटं असं तोलत राहिलं की तो वास येणारच.

पण मॅन्युअलची एक गोष्ट मला नेहमी मनापासून आवडत आली आहे. ती आजारी पडते तेव्हा सांगते. पेडल वर आल्यावर क्लच पकडू लागते, पेडल जड होतं, आणि शेवटी घसरायला लागते. मामाची परीक्षा साधी होती. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला चाळीसच्या वेगाने जात असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. इंजिनचा आवाज एकदम चढला आणि काटा जागच्या जागी राहिला, तर प्लेट संपली. माझ्या गाडीची पहिली प्लेट 42 हजार किलोमीटरला गेली. ताईकडे तेच मॉडेल होतं, ती तेव्हा कोल्हापूरला राहायची आणि दर महिन्याला हायवेवरून पुण्याला यायची. तिची लाखाच्या पुढे गेली. गाडी तीच, कंपनी तीच. फरक फक्त मिनिटाला किती वेळा घसरलं याचा. आणि बदलायची म्हटलं तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा सेट, एका दिवसाचं काम, कुठल्याही गावात करणारा माणूस. मॅन्युअलचं टिकाऊपण मला त्यातच दिसतं. ती झिजते, पण तिची झीज आपल्या आवाक्यात असते.

भावोजींच्या गाडीत तशीच कोरडी प्लेट आहे, एक नाही, दोन. एक प्लेट पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा गिअर सांभाळते, दुसरी दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स. एक सुटते तेव्हा दुसरी पकडलेली असते, म्हणून गिअर बदललेला जाणवतही नाही. मोकळ्या रस्त्यावर ती मजा खरी आहे, मी चालवून पाहिली आहे, आणि ते नाकारायचं मला कारण नाही. पण तीनच्या वेगाने सरकताना पहिल्या गिअरची प्लेटच घासत असते, कारण त्या गाडीतही इंजिन आणि चाक यांच्यामध्ये दुसरं काही नाही. आणि इथे आपला पाय प्लेटवर नसतो. प्लेट किती घासायची ते एक संगणक ठरवतो, आणि तो ते आपल्या अ‍ॅक्सिलरेटरवरच्या हलक्या पायावरून ओळखतो. चालवणाऱ्याला वाटतं, आपण नुसतं गाडीला धरून ठेवलंय. संगणकाला वाटतं, हा निघायच्या बेतात आहे. त्या गैरसमजात प्लेट जळते. थरथर म्हणजे त्याचाच इशारा असतो. तो मुद्दाम गाडी हलवून आपल्याला सांगत असतो की ब्रेक दाब किंवा पुढे निघ.

हे काही एकट्या भावोजींच्या नशिबाचं नाही. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या कोरड्या ड्युअल क्लचबद्दल चीनमध्ये इतक्या तक्रारी झाल्या की 2012 मध्ये कंपनीने तिथे त्या गिअरबॉक्सची वॉरंटी 10 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरपर्यंत वाढवली, आणि 2013 मध्ये तिथल्या 3 लाख 84 हजारांवर गाड्या परत बोलावल्या. त्याच वर्षी जगभरातल्या साधारण 16 लाख गाड्यांमध्ये गिअरबॉक्सचं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल घालावं लागलं, कारण उष्ण दमट हवेत आणि रखडत्या ट्रॅफिकमध्ये ते तेल विजेच्या भागात बिघाड घडवू शकत होतं. युरोपातल्या थंड मोकळ्या रस्त्यांवर चाललेली वस्तू आशियातल्या शहरात येऊन अशी सापडते, हे वाचताना मला चांदणी चौकाचा चढ दिसत होता. म्हणूनच 2022 मध्ये टाटांनी अल्ट्रोझमध्ये ड्युअल क्लच आणला तेव्हा त्यातल्या प्लेटा तेलात बुडालेल्या आहेत हे मला महत्त्वाचं वाटलं. तेल घासण्याची उष्णता उचलून नेतं. ते तेल वेळच्या वेळी बदलावं लागतं, पण कोरड्या प्लेटीला तेवढाही आधार नसतो.

भीती नुसत्या प्लेटींची नसते. त्या गिअरबॉक्सच्या आत मेकाट्रॉनिक नावाचा एक डबा असतो. त्यात तेलाचा पंप, झडपा आणि संगणक एकत्र. तापून तापून त्यातलं काही बिघडलं की गाडी सम गिअर घेते आणि विषम घेत नाही, किंवा उलट. माझ्या एका सहकाऱ्याला वॉरंटी संपल्यावर त्या डब्याचा आकडा सांगितला गेला, तो लाखाच्या पुढे होता. त्याने ती गाडी विकून टाकली.

एएमटीचंही इथे एका वाक्यात सांगते: ती मॅन्युअलचीच कोरडी प्लेट आहे, फक्त पायाऐवजी यंत्र दाबतं, आणि चढावर तोलून धरलं तर ती तशीच जळते.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये घसरण तेल सोसतं. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे डोळ्यांपुढे आणा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा आपोआप फिरतो. इथे वाऱ्याऐवजी तेल आहे, आणि मध्ये तिसरा एक छोटा पंखा परत येणारं तेल वळवून पुन्हा कामाला लावतो, त्यामुळे निघताना इंजिनची ताकद जवळपास दुपटीने चाकांपर्यंत पोचते. गाडी थांबली तरी एक पंखा फिरत राहतो, दुसरा थांबतो, घासत काहीच नाही. त्या चढावरचा दीड किलोवॉट इथेही जन्मतोच, भौतिकशास्त्र कुणाला सूट देत नाही. पण तो सहा-सात लिटर तेलात जातो आणि ते तेल कूलरमधून फिरून येतं. म्हणजे रॉड आहे आणि बादलीही आहे. वेग आला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही पंख्यांना एकत्र बांधतो, म्हणून पूर्वीसारखं पेट्रोल वाया जात नाही. फोक्सवॅगनने भारतात व्हर्टस आणि टायगुन आणल्या तेव्हा 1.0 लिटर इंजिनाला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर दिला आणि 1.5 लिटरला सात गिअरचा ड्युअल क्लच. एकाच शोरूममध्ये दोन्ही प्रकार उभे होते. मी दोन्ही चालवून बघितल्या. दुसरी जास्त आवडली, पण माझ्या रस्त्यासाठी पहिलीच योग्य, हे मला त्याच क्षणी कळत होतं.

म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर अमर आहे का? अजिबात नाही. मामाच्या मुलाकडे टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्या येतात आणि बहुतेक वेळा गोष्ट तेलापाशीच सुरू होते. तेल जळलं की ते काळपट तपकिरी होतं, त्याला करपलेल्या फोडणीसारखा वास येतो, आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना गाडी आधी अडते मग धक्का देते. "लाइफटाइम तेल" हा शब्द त्याला ऐकवत नाही. लाइफ कुणाचं, असं तो विचारतो. रखडत्या शहरात साठ हजारांच्या आसपास तेल बदलायचं, असं तो सांगतो, आणि त्यातही एका वेळी खालच्या बोल्टमधून निम्म्याच्या आसपासच तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं, म्हणून थोड्या अंतराने पुन्हा एकदा. त्याने मला एका गाडीतून काढलेलं तेल बाटलीत दाखवलं. गुलाबी, दाट, थेट मस्तानीसारखं. त्या गाडीत तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या पोटातून जात होती, ती आतून गळली आणि कूलंट तेलात मिसळलं. आतल्या क्लचच्या कागदी अस्तरांना पाणी लागलं की ती फुगून सुटतात. जुन्या गाडीचा रेडिएटर वेळेत बदलला असता, तर ते टळलं असतं. बाटली हातात घेतल्यावर मला खरोखर वाईट वाटलं, इतका चांगला बनवलेला गिअरबॉक्स दुसऱ्याच भागाच्या गंजामुळे गेला होता.

सीव्हीटीबद्दल माझं मन शेवटपर्यंत ठरत नव्हतं. खरं तर सीव्हीटी आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे, अ‍ॅक्टिव्हात. दोन शंकूंच्या पुल्या, मध्ये पट्टा, एक पुली मिटते तशी दुसरी उघडते. तिथे पट्टा रबराचा असतो, वीस-पंचवीस हजार किलोमीटरला बदलायचा आणि विसरून जायचं. गाडीत तो पोलादाचा असतो, शेकडो पातळ चकत्या एकमेकींना ढकलत जाणारा, आणि तो बदलायची वस्तू म्हणून बनवलेला नसतो. शहरात ती फार सुखाची. गिअर बदलण्याचा प्रश्नच नाही, आणि हल्लीच्या बहुतेक सीव्हीटींमध्ये पुढे टॉर्क कन्व्हर्टरच असतो, त्यामुळे सरकतानाची घसरण पट्टा नाही, तेलच सोसतं. मग धाक कशाचा? पोलाद पोलादाला पकडून ठेवतं ते निव्वळ दाबाने आणि त्यासाठीच बनवलेल्या तेलाने. तिथे एकदा जरी पट्टा घसरला, तर पुलीच्या आरशासारख्या पृष्ठभागावर ओरखडा पडतो, आणि तो ओरखडा पुढे पट्ट्याला खातो. बाहेर ते किणकिणाटासारख्या किंवा घोंगावणाऱ्या आवाजाने कळतं, आणि निघतानाच्या कंपनाने. साध्या ऑटोमॅटिकचं तेल चुकून सीव्हीटीत घातलं, की हे हमखास होतं. अमेरिकेत निस्सानला 2003 ते 2010 च्या अनेक मॉडेलच्या सीव्हीटीची वॉरंटी 5 वर्षांवरून 10 वर्षं आणि 1 लाख 20 हजार मैलांपर्यंत वाढवावी लागली होती. पण मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये दीड लाख किलोमीटर झालेल्या दोन सीव्हीटी गाड्या रोज बघते. दोघींचे मालक चाळीस हजारांना न चुकता योग्य तेल घालतात आणि गाडी खड्ड्यातून काढताना एकदम पाय देत नाहीत. हे मला पुरेसं वाटायला हवं होतं. पण मामाच्या मुलाने सांगितलं की पट्टा-पुली उघडून दुरुस्त करणारा माणूस त्याच्या ओळखीत नाही, बिघडला तर बहुधा सबंध गिअरबॉक्सच, आणि तिथे माझं मन मागे सरलं.

मी टॉर्क कन्व्हर्टर घेतली. गुडघ्याने महिनाभरात आभार मानले. पण सिंहगड पायथ्याच्या रस्त्यावर एखाद्या वळणावर दुसरा गिअर हवा असतो आणि गाडी तिसऱ्यातच विचार करत राहते, तेव्हा मला जुनी गाडी आठवते, हातात मावणारा तो गिअरचा गोळा, उन्हात तापलेला. तो गिअर टाकताना होणारा 'खट्' मला अजून हवा असतो. हे दोन्ही खरं आहे, आणि मला त्यातलं एक खोटं करायचं नाही.

भावोजींनी गाडी विकली नाही. त्यांना ती आवडते. मामाच्या मुलाने त्यांच्याबरोबर संध्याकाळी एक फेरी मारली आणि तीनच गोष्टी सांगितल्या. थांबायचं तर ब्रेक पूर्ण दाबायचा, म्हणजे प्लेट सुटते आणि घासणं बंद. चढावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारं ऑटो होल्ड लावायचं, अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलायची नाही. आणि पुढची गाडी हातभर सरकली म्हणून सरकायचं नाही, दोन गाड्यांएवढी जागा झाली की मग एकदाच निघायचं, म्हणजे प्लेट पटकन पूर्ण पकडते.

मागच्या आठवड्यात पुन्हा त्याच चढावर, त्याच वेळी, मी त्यांच्या शेजारी बसले होते. पुढे जागा झाली. भावोजी थांबून राहिले. मागून हॉर्न सुरू झाले, एक, दोन, मग सलग. डावीकडून एक रिक्षा त्या जागेत घुसली. भावोजींनी ब्रेकवरचा पाय उचलला नाही. रिक्षाच्या पुढे पुन्हा जागा झाली, रिक्षा पुढे गेली, आणि मग ते निघाले, एका दमात, वीस-पंचवीस फूट, आणि पुन्हा थांबले. मी काच थोडी खाली केली. ओल्या डांबराचा वास येत होता, आणि कुठल्यातरी टपरीवरच्या भज्यांचा.